‘ये’पुढचं टिंब

“ठीक आहे. ये. 🙏”

एवढं टाइप करून अंकुशरावांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन लांब धरून मजकूर पुन्हा एकदा वाचला आणि पाठवून दिला. स्वतःच्या कामावर ते खूश होते. दोन वाक्यं, दोन पूर्णविराम आणि शेवटी नमस्कार. पाटीवर ‘अंजू येणार’ असं लिहून त्यांनी ती स्वयंपाकघराच्या दिशेनं उंच धरली. सुमनबाईंचं शिक्षण कन्नड शाळेत झालेलं, त्यामुळं मराठी अक्षरं त्या एकेक करून जुळवत. ही दोन अक्षरी नावाची ओळ मात्र त्यांनी एका दमात वाचली आणि डिंक आणायला पाहिजे म्हणाल्या.

चार महिन्यांपूर्वी सोलापूरच्या डॉक्टरांनी अंकुशरावांचा गळा कापून त्यातली आवाजाची पेटी काढून टाकली होती. गाठ वाईट होती, पेटी ठेवून भागलं नसतं. आता ते गळ्याच्या खाली ठेवलेल्या छिद्रातून श्वास घ्यायचे आणि त्यावर पांढऱ्या फडक्याची पट्टी बांधायचे. बोलण्यासाठी एक यंत्रही मिळालं होतं. गळ्याला लावून ओठ हलवले की ते बोलायचं, पण पिठाच्या गिरणीनं मराठी शिकावी तसं. अंकुशरावांनी ते दोन दिवस वापरलं आणि कपाटात धोतराखाली ठेवून दिलं.

दुसऱ्या कुणाचा आवाज गेला असता तर गेला असता. अंकुशराव कर्नाटकातल्या आळंदच्या बसस्टँडवर एकतीस वर्षं कंट्रोलर होते. गाड्यांच्या नोंदी करायच्या, चालक-वाहकांची भांडणं मिटवायची आणि माइकवर पुकारा करायचा. आधी कन्नडमध्ये, मग सीमेपलीकडच्या लोकांसाठी मराठीत. सरकारी पाटीवर कलबुर्गी आलं तरी ते मराठीत गुलबर्गाच म्हणायचे आणि कुणी हरकत घेतली नाही. माइक बिघडला तर ते खिडकीतून तोंड काढून ओरडायचे, आणि रस्त्यापलीकडच्या हॉटेलातला माणूस चहा अर्धा टाकून गाडी धरायचा. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, मग तिथं ध्वनिमुद्रित बाईचा आवाज आला. ती बाई कधी खोकत नाही, एवढाच तिचा गुण, असं अंकुशराव तेव्हा म्हणायचे.

अंजू ही त्यांची एकुलती एक लेक. लातूरला दिली होती. बापाचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला तिसरा महिना होता आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठू दिलं नव्हतं. त्यामुळं ती आली नाही. व्हिडिओ कॉलवर गळ्याचं छिद्र पोरीला दिसू नये म्हणून अंकुशराव व्हिडिओ कॉल घेत नव्हते. सुमनबाई फोनवर बोलायच्या, “तुझे अप्पा चांगले हायेत” असं सांगायच्या आणि खाण्यापिण्यावर यायच्या. बाप-लेकीत उरला होता तो फक्त लेखी व्यवहार.

आणि आज दुपारी अंजूनं हे लिहिलं होतं:

अप्पा

खूप दिवसांपासून लिहायचं होतं

तुमच्या ऑपरेशनला येता आलं नाही ते अजून टोचतंय

आता सातवा लागलाय, डॉक्टर प्रवासाला हो म्हणालेत

बाळंतपणाला तिकडे येऊ का

पण आईला तुमचंच सगळं बघावं लागतं, त्यात माझं

तुम्हाला जड होणार असेल तर नाही येत, खरंच

खरं सांगा हं 🥺

आठ वेळा फोन टुंग वाजला होता. अंकुशरावांनी सगळं वाचलं आणि त्यांचा जीव भरून आला. पण एकतीस वर्षांची सवय अशी, की भरल्या जिवानंही त्यांच्या लक्षात आलं, पोरीनं एकही पूर्णविराम दिलेला नाही. धावत सुटल्यासारखी बोलते, कुठं श्वास घेत नाही. आपण तरी तिला ठाम आणि शांत उत्तर द्यावं, म्हणजे तिला धीर येईल. म्हणून त्यांनी लिहिलं, ठीक आहे. ये. आणि हात जोडले, कारण पुकाऱ्याच्या शेवटी प्रवाशांना नमस्कार करायचा त्यांचा रिवाज होता.

लगेच उत्तर आलं.

खरंच?? रागावला नाहीत ना

“नाही.” अंकुशरावांनी लिहिलं.

नक्की ना 🥺

त्यांनी उंचावलेला अंगठा पाठवला. यापेक्षा नक्की काय असतं? चालकाला गाडी हलवायला ते हाच अंगठा दाखवत आले होते.

मग पडद्यावर अंजू टाइप करत असल्याचं दिसलं, थांबलं, पुन्हा दिसलं, पुन्हा थांबलं. एवढं लांब काय लिहितेय म्हणून अंकुशराव वाट पाहत राहिले. शेवटी आलं ते एवढंच:

बरं.

अंकुशरावांना गंमत वाटली. पोरीनं जन्मात पहिल्यांदा पूर्णविराम दिला होता. शेवटी लेक कुणाची, असं मनाशी म्हणत ते डिंक आणायला बाहेर पडले.

त्यानंतरचे आठ दिवस सगळं कसं शिस्तीत चाललं होतं. अंकुशराव रोज सकाळी “शुभ सकाळ. 🙏” पाठवायचे आणि अंजूकडून तेवढेच जोडलेले हात परत यायचे. पूर्वी ती काहीही पाठवायची. जळलेल्या पोळीचा फोटो, शेजारणीची तक्रार, हसून लोळणारी तोंडं. ते बंद झालं. गरोदर बाई, दमत असेल, असं अंकुशरावांनी धरून घेतलं. सुमनबाईंनी आतली खोली झाडून घेतली, खाट उन्हात टाकली, डिंकाचे लाडू वळून डबा बंद केला.

नवव्या दिवशी सकाळी जावई आले. शिवशंकर लातूरला खतांच्या दुकानात होते. उमरग्याला वसुलीसाठी आलो होतो, म्हटलं पुढं येऊन भेटून जावं, असं त्यांनी सांगितलं. माणूस सरळ होता, त्यामुळं खोटं बोलताना कप बशीत नीट बसत नव्हता.

“मामी, मामा,” चहा संपल्यावर ते म्हणाले, “अंजू बाळंतपणाला लातूरलाच थांबते म्हणायली. माझी आई हाय तिथं. दवाखाना जवळ हाय.”

सुमनबाई पदर हातात घेऊन उभ्याच राहिल्या. “आवं, पहिलं बाळंतपण माहेरला असतंय की. खाट टाकून ठेवलीय मी. लाडू केलेत. काय झालं तिला?”

“काय न्हाई झालं मामी. तसं काय न्हाई.”

“मग कामून?”

अंकुशरावांनी पाटी ओढली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: कामून. त्यापुढं प्रश्नचिन्ह द्यायचंही त्यांना सुचलं नाही. त्यांचं तोंड असं झालं होतं की शिवशंकर क्षणभर पाटीकडे बघायचंच विसरले.

“मामा, एक विचारू का? राग मानू नका. तुमी अंजूवर रागावलाव का?”

अंकुशरावांनी इतक्या जोरात मान हलवली की गळ्यावरची पट्टी सरकली. सुमनबाईंनी पुढं होऊन ती नीट केली.

“मला वाटलंच,” शिवशंकर म्हणाले. खिशातून फोन काढून त्यांनी एक चित्र उघडलं. अंजूनं त्या दिवशी बापाशी झालेल्या बोलण्याचा फोटो नवऱ्याला पाठवला होता. अंकुशरावांनी तो पाहिला. त्यात त्यांचंच बोलणं होतं, शब्दही बदलला नव्हता. त्यांनी पाटीवर लिहिलं: ये म्हटलं की मी.

“म्हटलं मामा. पर कसं म्हटलं? हे बघा. ‘ये’, आन् पुढं टिंब.”

अंकुशरावांच्या चेहऱ्यावर काही उमटेना.

“आमच्या दुकानाच्या मालकाचा कधी ‘या.’ असा मेसेज आला की मला घाम फुटतो,” शिवशंकर म्हणाले. “काय चुकलं माझं, म्हणून रस्ताभर आठवत जातो. नुसता ‘या’ आला तर निवांत जातो. आसं बघा, पाठवायचं बटण दाबलं की वाक्य संपलंच. कागदावर टिंब लागतं, पुढचं वाक्य सुरू व्हतंय म्हणून. हितं पुढं काय न्हाईच. मग ते टिंब कामून दिलं? तर मुद्दाम दिलं. संपलं, आता बोलू नको, आसं वाटतं वाचणाऱ्याला. लांबलचक लिहिलं, चार-पाच वाक्यं, तर टिंबाचं कुणी मनावर घेत न्हाई. एका शब्दापुढं आलं की मात्र दार लावल्यासारखं वाटतंय.”

“एका ठिपक्यानं?” सुमनबाई म्हणाल्या. “माझं पोर एका ठिपक्यासाठी येईना झालंय?”

“एका कुठं मामी? ‘ठीक आहे’ला टिंब, ‘ये’ला टिंब, ‘नाही’ला टिंब. आन् मग हे हात.” त्यांनी बोट ठेवलं. “गावच्या ग्रुपवर कुणी वारलं की हेच हात, कुणाचा वाढदिवस असला तरी हेच, ते चालतंय. पर बाप लेकीला हात जोडतो का? कवा जोडतो? ‘बाई, हात जोडले तुला’ म्हणतो तवा. अंजूनं तसं वाचलं. आन् ‘नक्की ना’ विचारलं तर अंगठा. माझ्या आईला अंगठा आला की ती खूश व्हते, तिच्या वयाला तो चांगलाच. अंजूच्या वयाला तो ‘कळलं, जा आता’ असा दिसतो. एकेकटं काय बी चाललं असतं मामा. तिच्या मनात आधीच व्हतं, ऑपरेशनला गेले न्हाई म्हणून अप्पा रागावलेत. तिनं तेच शोधलं आन् तेच सापडलं.”

अंकुशरावांनी पाटी पुन्हा ओढली. पाटीवर त्यांनी लिहिलं: आधीही मी टिंबं देत होतो. मग हळूहळू पुढं लिहिलं: नेहमी.

शिवशंकरांनी ते वाचलं. मग म्हणाले, “व्हय. मी बी तिला हेच म्हटलं. ती काय म्हणाली सांगू? म्हणाली, आधी मी अप्पांचा मेसेज त्यांच्या आवाजात वाचायची. दोन तासांनी फोन यायचा, ‘ये गं, कवा येतीस’ म्हणून ओरडायचे, टिंब कुठल्या कुठं जायचं. आता फोन न्हाई येत. आवाज आठवून वाचायला गेलं तर रडू येतं, म्हणून नुसतं लिहिलेलं वाचते. नुसतं लिहिलेलं लई थंड हाय.”

सुमनबाई आत निघून गेल्या. भांडी उगाचच वाजली.

अंकुशराव उठले. कपाटातून, बोलायच्या यंत्राच्याच शेजारून, त्यांनी एक लांबट वही काढली आणि जावयापुढं ठेवली. नोकरीच्या पहिल्या वर्षी केलेली पुकाऱ्याची वही होती ती. डाव्या पानावर कन्नड, उजव्या पानावर मराठी. पानांवर चहाचे डाग होते आणि कडा तेलकट झाल्या होत्या. ‘लक्ष द्याऽ. उमरग्याला जाणारी गाडीऽ. खजुरी मार्गे उमरगाऽऽ. फलाट दोन. नमस्कार.’ प्रत्येक तुकड्यापुढं लाल शाईनं ठळक टिंब होतं. अंकुशरावांनी टिंबावर बोट ठेवलं आणि छातीवर हात ठेवून ती फुगवून दाखवली.

शिवशंकरांना कळलं. “श्वास घ्यायची जागा?”

अंकुशरावांनी मान डोलावली. टिंब म्हणजे थांबून छाती भरून घ्यायची, म्हणजे पुढचा शब्द लांब जातो. एकतीस वर्षं टिंबाचा त्यांना एवढाच अर्थ माहीत होता. अंजू लहान असताना शाळा सुटली की तिथंच स्टुलावर बसायची, ही वही बघून त्यांच्या मागोमाग पुकारा करायची आणि टिंब आलं की गाल फुगवायची.

“मी सांगतो तिला सगळं,” शिवशंकर म्हणाले. “घरी गेल्या गेल्या सांगतो.”

अंकुशरावांनी पाटी पुसली. लिहिलं: सांगू नको. मी सांगतो. या वेळी शेवटच्या टिंबाकडे दोघांचंही लक्ष गेलं आणि शिवशंकर हसले. पाटीवर ते टिंब कुणाला लागलं नाही, कारण पाटीच्या वर अंकुशरावांचं तोंड होतं.

जेवण करून, लाडवांचा डबा घेऊन जावई दोनच्या गाडीनं गेले. डबा लातूरला चालला म्हणजे लेक येत नाही हे सुमनबाईंनी मान्य केलं, असा त्याचा अर्थ होत होता. त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

अंकुशराव ओसरीवर फोन घेऊन बसले.

आधी त्यांनी ‘ये’ लिहिलं, टिंबाशिवाय. ते त्यांना बटण न लावलेल्या सदऱ्यासारखं दिसलं. पुसलं. ‘ये!’ लिहिलं. हे उद्गारचिन्ह म्हणजे हमालाला हाक मारल्यासारखं झालं. दोन-तीन दिली तर उत्साह दिसेल असं वाटून ‘ये!!!’ केलं, तर आग लागल्यासारखं वाटलं. ‘ये...’ असं तीन टिंबांचं करून पाहिलं. ते त्यांना आवडलं, त्यात जरा दम होता. पण वाचणारी म्हणेल, पुढं काहीतरी बोलायचं होतं ते गिळलंय. एका टिंबानं एवढं झालं, तीन कशाला पाठवा? मग त्यांनी चित्रांचा कप्पा उघडला. लाल बदाम समोरच होता. त्यांचा अंगठा बराच वेळ त्यावर फिरला. पण बापानं लेकीला बदाम पाठवायचा हे काही त्यांच्या बुद्धीला पटेना. शिवाय सगळ्यांचाच बदाम एकसारखा असतो, त्यात अंकुशराव कुठं आहेत?

शेजारी वही उघडीच होती. त्यांची नजर टिंबांवरून सरकून अक्षरांच्या शेपटीला लागलेल्या त्या वाकड्या खुणांवर गेली. उमरगाऽऽ. हा आवाज होता. टिंब थांबण्याचं होतं, आवाज इथं होता. इतके दिवस आपण लेकीला नुसतं थांबणं पाठवत होतो, हे त्यांना आत्ता दिसलं आणि वाईटही वाटलं.

ती खूण फोनच्या कीबोर्डात कुठल्या कोपऱ्यात दडलीय ते शोधायला अर्धा तास गेला. मग राहिला श्वासाचा प्रश्न. टिंब द्यायचं नाही तर थांबायचं कुठं? त्यांनी पडदा सरकवत मागं जाऊन अंजूचे ते आठ तुकडे पुन्हा वाचले, आणि पोरीची युक्ती त्यांच्या लक्षात आली. ती धावत नव्हतीच. तीही थांबत होती. जिथं श्वास घ्यायचा तिथं ती टिंब देत नव्हती, पाठवायचं बटण दाबत होती.

अंकुशरावांनी गळ्यावरची पट्टी नीट केली, बाकावर ताठ बसले आणि पुकारा सुरू केला. एक ओळ लिहायची, पाठवायची, छाती भरून घ्यायची, मग दुसरी.

प्रयाणिकर गमनक्केऽऽ

प्रवाशांनी लक्ष द्याऽऽ

लातूर उमरगा खजुरी आळंदऽऽऽ

ही गाडी फक्त अंजूसाठी लागलेली आहेऽ

खाट उन्हात तापवून ठेवली आहे

अप्पा रागावलेले नाहीत, कधीच नव्हते

ये गंऽऽऽऽ

शेवटच्या ओळीनंतर त्यांचा अंगठा सवयीनं टिंबाकडे गेला. तो त्यांनी उचलून मांडीवर ठेवला.

टिकमार्क निळे झाले. अंजू टाइप करू लागली, थांबली. पुन्हा करू लागली, थांबली. हे थांबणं आता अंकुशरावांना वाचता येत होतं आणि म्हणून ते जास्त जड जात होतं. मग टाइप करणं बंद झालं. पाच मिनिटं काहीच नाही. रस्त्यावरून एक टेम्पो तूर भरून बाजाराकडे गेला. अंकुशरावांनी फोन पालथा केला.

तो वाजला तेव्हा अक्षरं नव्हती. अकरा सेकंदांचा आवाज होता. त्यांनी बोट ठेवलं.

“प्रयाणिकर गमनक्केऽऽ... प्रवाशांनी लक्ष द्याऽऽ... लातूर उमरगा खजुरी आळंदऽऽऽ...”

अंजू होती. पण लहानपणी स्टुलावर बसून करायची तसा पुकारा करत होती, नाकातून, घोगरा, ‘आळंद’चा शेवट आधी उंच नेऊन मग खाली सोडत. ती लकब अंकुशरावांची होती. आळंद तालुक्यात ती दुसऱ्या कुणाची नव्हती आणि चार महिन्यांपासून कुणाचीच नव्हती. मध्ये एके ठिकाणी ती थांबली. गाल फुगवल्याचं ऐकू आलं, आणि मग फुगवलेला श्वास नीट सुटला नाही, फुटला. “येतेय अप्पा,” असं काहीतरी शेवटी होतं.

आतून सुमनबाई धडपडत आल्या. केस सुटलेले, पदर जमिनीवर. उंबऱ्यात दाराला धरून त्या उभ्या राहिल्या आणि नवऱ्याच्या तोंडाकडे, मग गळ्याकडे बघत राहिल्या.

“तुमी बोललाव?” त्यांनी विचारलं. “आत्ता तुमीच बोललाव न्हवं?”

अंकुशरावांनी मान हलवून नाही म्हटलं. पाटी हाताशी होती, पण घेतली नाही. बाकावर सरकून त्यांनी बायकोला जागा करून दिली, आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि पुकारा पुन्हा पहिल्यापासून लावला.